मीठ अर्धा. अर्धा.

प्रयोगशाळेत माझ्या पाठीमागे मला दशांशबाई म्हणतात. तोंडावर कुणी म्हणत नाही, पण भिंतीला कान असतात तसे नळालाही असतात, आणि आमच्याकडे नळ पुष्कळ. मी शहराचं पाणी तपासते. सतरा वर्षं तेच करते आहे. बोलणं कमी, आकडे जास्त. मीटिंगमध्ये मी तोंड उघडलं तर साहेब चष्मा काढून बघतात, की आवाज नक्की कुठून आला.

त्या आठवड्यात उत्तरेकडच्या भागात मुख्य जलवाहिनीला तडा गेला आणि शेजारच्या गटाराचं पाणी तिच्यात शिरलं. मंगळवारच्या नमुन्यांत मला ते दिसलं. बुधवारी वाहिनी बंद झाली. पण लोकांनी प्यायचं ते पाणी आधीच पिऊन झालं होतं. गुरुवारी सकाळपर्यंत मुलांच्या वॉर्डात एका खाटेवर दोन-दोन मुलं होती, आणि औषधांच्या दुकानांतली जलसंजीवनीची पाकिटं संपली होती. नवी पाकिटं यायला तीन दिवस लागणार होते.

तेव्हा रेडिओ केंद्रातून फोन आला. शुक्रवारी दुपारी दोन वाजता सात मिनिटांचं भाषण हवं होतं. जुलाब होणाऱ्या मुलाला घरच्या घरी मीठ-साखरेचं पाणी कसं करून द्यायचं, एवढंच. साहेबांनी नेहमीप्रमाणे स्वतःचं नाव पुढे केलं. पलीकडच्या बाई म्हणाल्या, "साहेब, मागच्या वेळी तुम्ही बोललात तेव्हा आमचा निवेदकच पेंगला. ज्यांनी पाण्यातला दोष शोधला, त्यांना पाठवा."

साहेबांनी फोन ठेवला आणि माझ्याकडे पाहिलं. "तुम्ही? रेडिओवर?"

"लिहून नेईन," मी म्हटलं.

लिहिण्यात मी कच्ची नव्हते. माझ्या अहवालांत कुणी चूक काढलेली नाही. एका शब्दाची पुनरुक्ती नाही, एक आकडा दोनदा नाही, वाक्यं अशी बांधलेली की सुरी घालायला फट सापडू नये. दुपारपर्यंत मी पाच पानं लिहिली. साहेबांनी वाचली, एक स्वल्पविराम वाढवला आणि खाली सही केली. आमच्या कार्यालयाच्या नावाने एक शब्द बाहेर जायचा तरी त्यावर साहेबांची सही लागते.

रेडिओ केंद्रातल्या त्या बाई कार्यक्रमाच्या निर्मात्या होत्या. गळ्यात चष्म्याऐवजी थांबघड्याळ लटकत असे, म्हणून सगळे त्यांना घड्याळबाई म्हणत. तोंडावर म्हणत, आणि त्या ओ देत. त्यांनी मला एका लहानशा खोलीत बसवलं. भिंतींना जाड कापड, टेबलावर हिरवं फेल्ट, काचेपलीकडे यंत्रवाले काका. माझ्या पानांची टाचणी त्यांनी आधी काढली. "पान उलटायचं नाही. बाजूला सरकवायचं. कागदाचा आवाज इथे पत्रा वाजल्यासारखा येतो."

मी वाचलं. काकांनी ते चाचणी म्हणून ध्वनिमुद्रित केलं, मग वेळ मोजायला परत एकदा लावून ऐकलं. नऊ मिनिटं चाळीस सेकंद.

"जास्त झालं," मी म्हटलं. "तिसरा परिच्छेद काढते."

"वेळेचं नंतर बघू." घड्याळबाई माझ्यासमोर खुर्ची ओढून बसल्या. "तुम्ही इथे म्हणता, 'वर नमूद केल्याप्रमाणे'. रेडिओत वर काय असतं?"

मी पानाकडे पाहिलं.

"पंखा असतो." त्यांनी बोटाने वर दाखवलं. "आणि हे कंसातलं. कंस कानाला दिसतो का? बरं, हे ऐकणारे कुठे बसलेत, काय वाटतं?"

"घरी."

"बसलेलेच नाहीत. कुणी फरशी पुसतंय, कुणी पोराला खांद्यावर घेऊन येरझाऱ्या घालतंय. कागद वाचणारा माणूस अडला तर मागे जातो. रेडिओला मागचं पान नसतं, बाई. वाक्य आलं आणि गेलं."

"तुम्हाला समजलं नाही का?"

"मी पगारी कान आहे. माझं सोडा. तुम्ही एक करा. आज घरी जा. ज्याचे हात कामात आहेत अशा एका माणसाला हे वाचून दाखवा. एकदाच. त्याच्याकडे बघायचं नाही, समजावून सांगायचं नाही. आणि झाल्यावर 'समजलं का' असं विचारायचं नाही. सगळे हो म्हणतात. त्याला म्हणायचं, करून दाखव."

मला राग आला होता. तो मी दाखवला नाही, पण आला होता. पाच पानांत एक चूक नव्हती आणि बाई मला पंख्याच्या गोष्टी सांगत होत्या.

ज्याचे हात कामात आहेत असं माणूस शोधायला मला लांब जायची गरज नव्हती. माझी आई शिवणकाम करते. शाळांचे गणवेश. पुढच्या खोलीत मोटर लावलेलं शिलाई मशीन, कापायचं टेबल, खिळ्याला अडकवलेल्या टेपा, आणि कोपऱ्यात रेडिओ, जो सकाळी सुरू होतो तो आई मशीनवरून उठेपर्यंत बंद होत नाही. याच मशीनवर माझं शिक्षण झालं. आई हे कधी बोलून दाखवत नाही. मी काय काम करते हे कुणी विचारलं तर ती म्हणते, "मोठ्या कामावर आहे. मला त्यातलं कळत नाही." हे सांगताना तिची मान जरा वर होते आणि आवाज जरा खाली जातो. दोन्हीची मला सवय झाली होती.

मी गेले तेव्हा ती एका सदऱ्याला कॉलर लावत होती.

"आई, तुला एक वाचून दाखवायचंय. रेडिओसाठी आहे. तू काम थांबवू नकोस."

"मी कशाला थांबवते? उद्या बारा सदरे द्यायचेत." पण तिने कोपऱ्यातला रेडिओ बंद केला. काम चालू असताना, माझ्या आठवणीत पहिल्यांदा.

मी तिच्याकडे पाठ करून वाचलं. मधूनमधून मशीन घर्रर्र करी, थांबे, परत घर्रर्र करी. वाचून झाल्यावर मी म्हटलं, "आता स्वयंपाकघरात चल आणि ते पाणी करून दाखव."

"आत्ता?"

"आत्ता."

तिने दोरा तोडला आणि उठली. कपाटातून एक लिटरचं मापं आखलेलं भांडं काढलं, उकळून ठेवलेलं गार पाणी त्यात रेघेपर्यंत ओतलं. मी मनात टिपलं, पाणी बरोबर. तिने चहाचा चमचा घेतला. साखरेच्या डब्यातून अर्धा चमचा साखर घेतली, टोकाने सपाट केली, पाण्यात टाकली. मग मिठाचा डबा उघडला.

एक चमचा. सपाट केला, टाकला. दोन. तीन.

मी मोजत राहिले. घड्याळबाईंनी बजावलं होतं, समजावून सांगायचं नाही. चार. पाच. सहा. दर चमचा ती बोटाने नीट सपाट करत होती, कारण मी 'सपाट' म्हटलं होतं. शिवणारी बाई. मापात कधी चुकत नाही.

तिने ढवळून चव घेतली आणि तोंड वाकडं केलं. "अगं, हे समुद्राचं पाणी झालं की."

"हे मुलाला पाजलं असतंस?"

"पाजलं असतं." तिने चमचा ओट्यावर ठेवला. "मला वाटलंच होतं, एवढं मीठ कसं. पण तू म्हणालीस. तू शिकलेली. म्हटलं, औषध आहे, खारट असणारच. माझं काही चुकलं का गं?"

जुलाबाने आधीच सुकलेल्या पोराला ते पाणी पाजलं असतं तर काय झालं असतं, ते मला माहीत होतं. मिठाने ते आणखी सुकलं असतं. आईला ते सांगावं लागलं नाही. तिने माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि भांडं मोरीत ओतून दिलं.

"तुझं नाही चुकलं," मी म्हटलं. "माझं चुकलं."

"तुझं कसं चुकेल?"

मी ते पान तिला दाखवलं. 'एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात साखर व मीठ यांचे प्रमाण अनुक्रमे सहा व अर्धा सपाट चमचा असावे.' कागदावर यात काही वावगं नाही. डोळा पुढे जातो, मागे येतो, साखरेला सहा जोडतो, मिठाला अर्धा जोडतो. कानाला मागे येता येत नाही. कानाने मीठ ऐकलं आणि त्यानंतर पहिला आकडा ऐकला, सहा. त्याने जवळच्याला जवळचं जोडलं. 'अनुक्रमे' हा शब्द मशीनच्या घर्रर्रमध्ये गेला असेल किंवा नसेलही. ऐकू आला असता तरी त्याचा उपयोग नव्हता. ऐकणाऱ्याने दोन पदार्थ हातात धरून दोन आकड्यांची वाट बघायची, आणि मग कुणाचं काय ते वाटून द्यायचं, तेही पोर रडत असताना! आणि पुढच्याच वाक्यात मी मोठ्या रुबाबात लिहिलं होतं, 'मिठाचे प्रमाण त्याहून अधिक होता कामा नये.' त्याहून म्हणजे कशाहून? मी आकडा परत लिहिला नव्हता. पुनरुक्ती टाळली होती.

आईने पान हातात घेतलं, लांब धरलं, परत दिलं. "हे असं कुणी माप सांगतं का?" ती म्हणाली.

"म्हणजे?"

"वहीत तू माझी मापं लिहायचीस ना? 'छाती व कंबर अनुक्रमे' असं मी कधी सांगितलं का तुला?"

मी सहा-सात वर्षांची असल्यापासून शाळा उघडायच्या आधी आमच्या दारात रांग लागायची. आई टेप लावायची आणि ओरडून माप सांगायची, मी जमिनीवर बसून वहीत लिहायची. खोलीत दहा पोरं, त्यांच्या आया, गोंगाट. आई म्हणायची, "छाती. सव्वीस. सव्वीस." मी म्हणायची, "सव्वीस." मग ती टेप खाली सरकवायची. "छाती झाली. आता कंबर. कंबर चोवीस. चोवीस." आधी जागेचं नाव, मग आकडा, मग आकडा परत. एक झाल्याशिवाय दुसरं नाही. आणि शेवटी पोराला सोडायच्या आधी सगळं पुन्हा एकदा, भराभर, वरून खाली. एकदा मी बाहीचं माप कंबरेला लिहिलं होतं. ते कापड आईने परत विकत आणलं आणि त्या दिवसापासून शेवटचं ते भराभर सांगणं सुरू झालं. मी ते हजार वेळा ऐकलं असेल. पुढे पदवी घेतली, आणखी एक घेतली, आणि कधीतरी त्यात ते सगळं विसरून गेले.

"आई, तूच सांग," मी म्हटलं. "हे पाणी मला गणवेशासारखं सांग."

"मला काय येतं?"

"तुलाच येतं."

ती हसली. मग कापायच्या टेबलाला टेकून, हातात नसलेली टेप धरल्यासारखी बोटं करून म्हणाली, "आधी सांग, किती मापं आहेत. पोरगं किती वेळ उभं राहायचं ते त्याला कळायला हवं."

"तीन. पाणी, साखर, मीठ."

"मग तसंच म्हण की. तीन गोष्टी."

मी पाठकोऱ्या कागदावर लिहायला बसले. ती शिवत होती, मी एकेक वाक्य मोठ्याने म्हणत होते. ज्या वाक्याला तिचं मशीन थांबे, ते वाक्य मी खोडत असे. एखादं वाक्य तिला कळलं नाही की मशीन थांबायचं, तिला सांगायची गरजच नव्हती. 'द्रावण' म्हटलं, मशीन थांबलं. 'पाणी' केलं. 'ते दिल्यानंतर' म्हटलं, थांबलं. 'ते'च्या जागी परत 'पाणी' घातलं. एकाच परिच्छेदात पाणी हा शब्द सात वेळा आला.  सतरा वर्षांच्या अहवालांत मी असा गुन्हा केला नव्हता.

"खारटपणा कसा ओळखायचा ते सांगितलंस का?" आईने मान वर न करता विचारलं. "चव घेऊन बघणारच बायका."

"अश्रूंपेक्षा खारट लागलं तर फेकून द्यायचं."

"हे आहे होय तुझ्या पुस्तकात?"

"आहे."

"मग पाच पानांत का नव्हतं? हे तर एकदा ऐकलं की मरेपर्यंत लक्षात राहील."

मला ते शास्त्रीय वाटलं नव्हतं. मी तसं तिला सांगितलं. आईने मशीन जरा जोरात चालवलं.

जेवणाच्या वेळेपर्यंत पाच पानांची तीन पानं झाली होती. जेवायला बसायच्या आधी मी तिच्याकडून परत पाणी करून घेतलं. साखर सहा. मीठ अर्धा. चव घेऊन तिने मान हलवली. "अश्रूंपेक्षा कमीच आहे," म्हणाली, आणि ते भांडं झाकून ठेवलं. वाया कशाला घालवायचं, म्हणून आम्ही दोघी जेवताना तेच प्यायलो.

शुक्रवारी सकाळी दहा वाजता मी केंद्रावर पोचले. घड्याळबाईंनी तीन पानं उभ्याउभ्याच वाचली. ओठ हलवत वाचली, डोळ्यांनी नाही. शेवटी त्यांनी विचारलं, "कुणाला वाचून दाखवलंत?"

"आईला."

"काय निघालं?"

"मीठ सहा, साखर अर्धा."

घड्याळबाई खुर्चीत बसल्या. त्या तज्ज्ञ नव्हत्या, पण दोन पोरांच्या आई होत्या.  मग म्हणाल्या, "नव्या पानांवर सही नाही."

त्यांनी साहेबांना फोन केला. साहेब अर्ध्या तासात स्वतः आले. पानं वाचत गेले तशा त्यांच्या भुवया वर चढत गेल्या.

"हे काय आहे? 'पाणी झालं. आता साखर.' ही काय बालवाडी आहे? मिठाचं प्रमाण एकदा, दोनदा..." त्यांनी बोटाने मोजलं, "पाच वेळा! लोक म्हणतील, या कार्यालयाला एक वाक्य धड लिहिता येत नाही. कालच्यावर माझी सही आहे. तेच वाचा. तिसरा परिच्छेद गाळा, सात मिनिटांत बसेल."

मी नेहमीप्रमाणे गप्प राहिले असते. मी मान खाली घातलीही होती. पण डोळ्यांसमोर आईचं बोट आलं, मिठाचा चमचा सपाट करणारं.

"ते मी वाचणार नाही," मी म्हटलं.

साहेबांनी चष्मा काढला.

घड्याळबाईंनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि टेबलावरचं बटण दाबलं. काचेपलीकडे यंत्रवाल्या काकांनी मान वर केली. "काका, काल बाईंचं भाषण तुम्ही ऐकलंत ना?"

"दोनदा," काकांचा आवाज आला. "एकदा घेताना, एकदा वेळ काढताना."

"त्या पाण्यात मीठ किती घालायचं?"

काकांनी हनुवटी खाजवली. "मीठ... सहा चमचे ना? आणि साखर जरा. अर्धा."

घड्याळबाई बटणावरचं बोट तसंच ठेवून साहेबांकडे वळल्या.

"काका, तुमचं लक्ष नसेल," साहेब म्हणाले. आवाज मात्र उतरला होता.

"साहेब, लक्ष देणं हीच माझी नोकरी आहे. एकोणतीस वर्षं झाली." काका दुखावले होते. "ती जमत नसेल, तर तसं सांगा. मी ऐकलं ते सांगितलं."

"काकांची चूक नाही," मी म्हटलं. "माझी आहे. वाक्य बरोबर आहे. पण ते कागदावर बरोबर आहे. काल आईने ऐकलं. उलटं ऐकलं. काकांनी दोनदा ऐकलं. उलटं ऐकलं."

"दोन निरीक्षणं," साहेब म्हणाले. ते वाद घालत नव्हते. सवयीने म्हणाले, मीही म्हटलं असतं.

"हो, साहेब. दोनच. तिसरं मला वॉर्डात नकोय."

साहेबांनी चष्मा परत लावला. नवी तीन पानं त्यांनी पुन्हा हातात घेतली, आणि या वेळी त्यांचेही ओठ हलत होते. "मीठ अर्धा चमचा. अर्धा," ते पुटपुटले. मग खिशातून पेन काढलं.

"पाच वेळा लागेलच का?" सही करता करता त्यांनी विचारलं.

"सहा केलं तरी चालेल."

"नको. पाच पुरे." त्यांनी सहीखाली तारीख घातली आणि कालच्या पाच पानांवरची स्वतःची सही एका तिरक्या रेघेने काढून टाकली. साहेबांना मी सतरा वर्षं ओळखते. आपलीच सही खोडणं त्यांना किती जड गेलं असेल, ते मला कळत होतं. जायला उठले तेव्हा दारात थांबून म्हणाले, "मी थांबतो. ऐकतो." आणि काकांच्या बाजूला, काचेकडे पाठ करून बसले.

ध्वनिमुद्रणाचा लाल दिवा लागला. घड्याळबाईंनी हात खाली केला. मी वाचायला लागले.

"मुलाला जुलाब होत आहेत. दुकानात पाकीट मिळत नाही. घाबरू नका. हे पाणी घरी करता येतं. आज मी तेवढंच सांगणार आहे. घरी पाणी कसं करायचं. कागद-पेन्सिल नको. लक्षात ठेवायच्या गोष्टी तीन. पाणी. साखर. मीठ. एकेक करून सांगते.

"पहिली गोष्ट पाणी. पाणी एक लिटर. एक लिटर. पाणी उकळा. पाणी गार होऊ द्या. पाणी झालं. आता साखर."

समासात घड्याळबाईंनी लिहिलं होतं, 'थांबा. चमचा शोधू दे.' मी मनात तीन अंक मोजले. काचेपलीकडे साहेबांची पाठ हलली नाही.

"दुसरी गोष्ट साखर. चहाचा चमचा घ्या. साखर सहा चमचे. सहा. चमचा शीग लावून भरू नका. सपाट भरा. साखर झाली. आता मीठ. इथे नीट ऐका. हातातलं काम क्षणभर थांबवा.

"तिसरी गोष्ट मीठ. मीठ अर्धा चमचा. अर्धा. एकही चिमूट जास्त नाही. मीठ जास्त झालं तर मुलाला अपाय होतो. म्हणून मीठ अर्धा चमचा. मुलाला देण्याआधी स्वतः चव घ्या. पाणी अश्रूंपेक्षा खारट लागलं, तर फेकून द्या. नवं करा."

मग कसं पाजायचं ते सांगितलं. घोट घोट. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबा, मग परत घोट घोट. उरलेलं पाणी दुसऱ्या दिवशी वापरू नका. मग दवाखान्यात कधी न्यायचं. मूल मलूल पडलं, डोळे खोल गेले, लघवी बंद झाली, शौचात रक्त दिसलं, यातलं एकही झालं तरी निघा. वाटेत पाणी पाजत राहा. आणि शेवटी, पोराला सोडायच्या आधी, वरून खाली, एकदा पुन्हा.

"पाणी एक लिटर. साखर सहा. मीठ अर्धा. मीठ अर्धा."

दिवा विझला. घड्याळबाईंनी घड्याळ पाहिलं. "सहा मिनिटं बावन्न." काचेपलीकडे काकांनी अंगठा आणि तर्जनी एकमेकांजवळ आणून मला अर्धा चमचा दाखवला. साहेब वळले. त्यांच्या उजव्या हाताची पाच बोटं उघडी होती. मोजत होते. पाचही वेळा.

भाषण दोन वाजता गेलं आणि सहा वाजता परत गेलं. दोन्ही वेळी मी प्रयोगशाळेत होते, उत्तर भागातले नवे नमुने बघत होते. साडेसहाला घड्याळबाईंचा फोन आला. लोक केंद्रावर फोन करून काही ना काही विचारत होते, आणि बाई प्रत्येकाला आधी म्हणत होत्या, पाणी कसं करायचं ते मला सांगा. "तेवीस जणांना विचारलं. बावीस बरोबर. एक आजोबा साखर पाच म्हणाले."

"आणि मीठ?"

"मीठ तेवीसपैकी तेवीस." त्या जरा थांबल्या. "दशांशबाई, पुढच्या गुरुवारी वेळ आहे का? पाणी उकळायचं म्हणजे किती वेळ, हे कुणालाच माहीत नाही."

म्हणजे ते नाव तिथवर पोचलं होतं. मी पहिल्यांदाच ओ दिली.

घरी गेले तर आई पुढच्या खोलीत मशीनवरच होती. बारापैकी नऊ सदरे घड्या करून ठेवलेले, तीन बाकी. रेडिओवर गाणी लागली होती.

"ऐकलंस का?" मी विचारलं.

"दोन्ही वेळा."

"काम थांबवून?"

"छे." तिने कापड फिरवलं आणि पेडलवर पाय दाबला. मशीन घर्रर्र करत शिवण संपेपर्यंत धावलं. मग ती म्हणाली, "तू सांगितलंस मीठ आलं की काम थांबवा, तरी मी नाही थांबवलं. मुद्दाम. म्हटलं, बघू या पोरीचं काम किती पक्कं आहे ते."

"मग?"

तिने दोरा दाताने तोडला, सदरा झटकला, उजेडाकडे धरून बघितला. तेवढ्यात दारात एक गिऱ्हाईक बाई येऊन उभी राहिली, हाताशी एक लहानगं. आईने गळ्यातली टेप काढली, तिच्याकडे वळली आणि मान चांगली वर करून, आवाज अजिबात खाली न नेता म्हणाली, "दुपारी रेडिओवर बोलली ती ही. माझी मुलगी. पाणी तपासते. त्यात काय-काय असतं ते मला सगळं कळतं."

मग तिने पोराच्या खांद्याला टेप लावली. वही शेल्फवर होती. मी ती घेतली आणि जमिनीवर बसले.

"खांदा," आई म्हणाली. "अकरा. अकरा."

"अकरा," मी म्हटलं, आणि लिहिलं.